बंद घराची खतावणी

जळगावच्या नवी पेठेत किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालविणाऱ्या अनेक घरांत, देव्हाऱ्याखालच्या खणात किल्ल्यांचा एक जुडगा असतो. त्या किल्ल्या त्या घराच्या नसतात. परदेशात स्थायिक झालेल्या भाच्याच्या, पुतण्याच्या किंवा जुन्या शेजाऱ्याच्या फ्लॅटच्या त्या असतात. जाताना त्याने त्या विश्वासाने हाती दिलेल्या असतात आणि घेणाऱ्यानेही ‘आपलेच घर आहे’ असे म्हणून ठेवून घेतलेल्या असतात. त्या क्षणी हिशोबाची भाषा काढणे दोघांनाही प्रशस्त वाटत नाही. ज्या घरांत पैशापैशाची नोंद वहीत होते, त्याच घरांत लाखो रुपयांच्या वास्तूची सोपवणूक मात्र तोंडी होते. आणि पुढे कटुता येते ती बहुधा याच ठिकाणाहून.

नमुन्यादाखल असे एक कुटुंब कल्पावे. जळगावच्या महाबळ परिसरात तिसऱ्या मजल्यावर त्यांचा टू बीएचके फ्लॅट आहे. मुलगा न्यू जर्सीत नोकरीला. आईवडील निवर्तल्यावर फ्लॅट बंद झाला. किल्ली मामांकडे आली. मामांचे दाणा बाजारात दुकान. अधूनमधून जाऊन घर उघडावे, झाडून घ्यावे, आलेली बिले भरावीत, एवढेच ठरले. किती वेळा जायचे, कोणी जायचे, खर्च कोठून करायचा, यातले काहीच ठरले नाही.

दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात लग्नसराईची गर्दी होती. मामांना सवड नव्हती, म्हणून त्यांनी दुकानातील मुलाला किल्ली देऊन पाठविले. मुलाने फरशी पुसण्यासाठी मोरीतला नळ सोडला. जळगावात नळाला पाणी रोज येत नाही. त्या दिवशी इमारतीची गच्चीवरची टाकी रिकामी होती. नळातून थेंबही आला नाही. मुलाने कोरडा झाडू मारला, दार ओढून घेतले आणि तो परतला. नळ उघडाच राहिला. पाण्याची पाळी आली, पंप सुरू झाला, टाकी भरली आणि रात्रभर त्या नळातून पाणी वाहत राहिले. मोरीच्या जाळीत जुना बोळा अडकला होता, त्यामुळे पाणी खोल्यांत शिरले. सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या छतातून धार लागली. त्यांच्या दिवाणखान्यातले नवे छत आणि कपाट खराब झाले. त्यांनी भरपाई म्हणून ४० हजार रुपये मागितले.

भाच्याने फोनवर म्हटले, “मामा, तुम्ही स्वतः गेला असतात, तर हे झाले नसते.” मामांनी विचारले, “मीच जायचे, हे कधी ठरले होते?” दोघांचेही म्हणणे खरे होते. भाच्याला वाटत होते की मामा घर सांभाळत आहेत. मामांना वाटत होते की ते सवडीने एक उपकार करीत आहेत. पुढचे सहा महिने दोघांत बोलणे झाले नाही. ज्या दिवशी बोलणे झाले, त्या दिवशी मामांनी एक कोरी खतावणी समोर ठेवली आणि घराच्या कामाची चार खाती पाडली: फेरी, पैसा, भाडेकरू आणि मोबदला. या चार खात्यांत पुढे जे लिहिले गेले, ते कोणत्याही बंद घराला लागू पडणारे आहे.

फेरीचे खाते

बंद घराची फेरी म्हणजे केवळ झाडलोट नव्हे. ती तपासणी असते आणि झाडलोट तिच्या शेवटी येते. दार उघडताच आत पाऊल टाकण्यापूर्वी क्षणभर थांबून वास घ्यावा. ओलसर, बुरशीचा वास आला तर कोठेतरी गळती आहे. गटाराचा वास आला तर मोरीच्या वा संडासाच्या जाळीखालचे पाणी आटले आहे. जाळीच्या खाली नळीला एक वळण असते आणि त्यात साचलेले पाणी गटारातील हवा व झुरळे अडवून धरते. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. वापर नसलेल्या घरात ते पाणी काही आठवड्यांत उडून जाते आणि वाट मोकळी होते. उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओतावे आणि संडासाची टाकी एकदा सोडावी. मात्र तो वेळेवर व्हावा लागतो.

नंतर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह उघडावा. एकेक नळ सोडून पाहावा आणि बंद करावा. निघताना मुख्य व्हॉल्व्ह पुन्हा बंद करावा आणि प्रत्येक नळ हाताने फिरवून बंद असल्याची खात्री करावी. पाणी पडत नाही म्हणजे नळ बंद आहे, असे जळगाव-धुळ्यात मानता येत नाही. धुळ्याच्या अनेक भागांत दोन पाळ्यांमध्ये कित्येक दिवसांचे अंतर पडते. तेथे कोरडा नळ हा उघडा नळ असण्याची शक्यता अधिक. मामांच्या प्रसंगात मुख्य व्हॉल्व्ह बंद असता, तर उघड्या नळाने काहीही बिघडले नसते.

विजेच्या बाबतीतही असेच. शीतकपाट रिकामे, बंद आणि दार किंचित उघडे ठेवावे. बंद दारामागे बुरशी धरते. इन्व्हर्टर ठेवायचा असेल तर त्याच्या बॅटरीतील पाण्याची पातळी दर तीन महिन्यांनी पाहावी. तेवढे होणार नसेल तर जोडणी काढून ठेवावी. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढलेला असावा.

किडा-मुंगीच्या प्रश्नात जैन घरांचा एक वेगळा आग्रह असतो. घर बंद ठेवून जीवजंतू वाढू द्यायचे आणि मग विषारी फवारणी करून ते मारायचे, हे अनेकांना पटत नाही. त्यामुळे येथे प्रतिबंध हाच मार्ग उरतो. जाताना घरात धान्य, डाळी, पापड, मसाले काहीही ठेवू नये. बंद डब्यातल्या गव्हालाही सोंडे लागतात. खिडक्यांना बारीक जाळी असावी, जाळ्यांवर झाकण असावे, पुस्तकांचे व गाद्यांचे कपाट भिंतीला टेकलेले नसावे. कबुतरांचेही तसेच आहे. सज्जात काड्या जमू लागल्या की त्याच फेरीत त्या काढून टाकता येतात. एकदा अंडी घातली की ती हलविणे घरच्यांना मानवत नाही; अंडी फुटण्यास सुमारे अठरा दिवस आणि पिले उडण्यास आणखी चार-पाच आठवडे लागतात. तोवर सज्जा त्यांचाच. पंधरा दिवसांच्या फेरीचे हे एक फार व्यवहार्य कारण आहे.

म्हणून फेऱ्यांचे वेळापत्रक ऋतूप्रमाणे लावावे. चैत्र-वैशाखात आणि पावसाळ्यात महिन्यातून दोन, हिवाळ्यात एक फेरीही चालते. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांत एक जादा फेरी असावी. सरकत्या खिडक्यांच्या खाचेत उन्हाळाभराची धूळ साचून पाणी जाण्याची बारीक भोके बुजलेली असतात. पाणी आत वळते आणि खिडकीखालच्या भिंतीचा पोपडा फुगतो. फुगवटा तळहाताएवढा असताना दिसला तर काम थोडक्यात निभावते. दिवाळीत दिसला तर पूर्ण भिंतीचे प्लॅस्टर काढावे लागते.

प्रत्येक फेरीत ठरलेल्या पाच जागांची छायाचित्रे घ्यावीत: मुख्य व्हॉल्व्ह, वीजमीटरचा आकडा, स्वयंपाकघराच्या ओट्याखालची जागा, मोरी आणि पश्चिमेची खिडकी. जागा दर वेळी त्याच असाव्यात. मागच्या महिन्याच्या चित्राशेजारी या महिन्याचे ठेवले की ओल किती पसरली, हे परदेशातल्या मालकालाही दिसते.

पैशाचे खाते

बिलांबाबत मामा-भाच्याने एक सूत्र ठरविले: जो पैसा मालकाला थेट भरता येतो, तो सांभाळणाऱ्याच्या हातून जाऊ नये. महावितरणचे बिल, महापालिकेची घरपट्टी व पाणीपट्टी आणि इमारतीचा देखभाल खर्च हे सर्व मालक आपल्या अनिवासी भारतीयांसाठीच्या एनआरओ खात्यातून भरू शकतो. सांभाळणाऱ्याचे काम भरण्याचे नाही. बिल आले की नाही आणि आलेले बिल बरोबर आहे की नाही, हे पाहण्याचे आहे.

बंद घराच्या वीजबिलाचा एक गुण असा की ते जवळजवळ दर महिन्याला सारखे येते. वापर शून्य असला तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. म्हणून आकडा अचानक वाढला तर त्याला तीनच कारणे संभवतात. मीटरवाचन न घेता सरासरीने बिल काढले असेल, घरात काहीतरी चालू राहिले असेल, किंवा मीटरनंतरच्या तारेवर दुसऱ्या कुणाचा भार चढला असेल. बिलावरील चालू रीडिंग आणि फेरीत घेतलेले मीटरचे छायाचित्र शेजारी ठेवले की पहिले कारण लगेच ओळखू येते. दुसरे व तिसरे ओळखण्यासाठी घरातील मुख्य खटका बंद करावा. मीटर थांबला तर दोष घरात आहे. चालूच राहिला तर तो मीटर आणि घर यांच्या दरम्यान आहे.

घरपट्टीचा धोका निराळा आहे. ती वेळेवर न भरल्यास थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. म्हणजे वर्षाकाठी चोवीस टक्के. पुष्कळदा बिल थकते ते पैसे नसल्यामुळे नव्हे, तर ते दिवंगत वडिलांच्या किंवा मूळ बिल्डरच्या नावावर निघते आणि वाटप करणारा ते भलत्याच ठिकाणी टाकून जातो म्हणून. महापालिकेच्या दप्तरी मालमत्तेला नाव लावून घेणे आणि मालमत्ता क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवणे, ही दोन कामे पहिल्याच महिन्यात उरकावीत. वीजजोडणीच्या ग्राहक क्रमांकाचेही तसेच.

उरतो तो किरकोळ खर्च: नळाचा वॉशर, कुलूप, रद्दी हलविण्याची मजुरी. त्यासाठी मालकाने एक ठरावीक उचल सांभाळणाऱ्याकडे ठेवावी. येथे ती पाच हजार रुपये ठरली. पाचशेच्या आतील खर्च मामांनी न विचारता करावा, त्यावरील खर्चापूर्वी दोन कारागिरांचे अंदाज पाठवावेत, आणि दर तीन महिन्यांनी पावत्यांसह जमा-नावे दाखवून उचल पुन्हा पाच हजारांवर आणावी. मामांनी स्वतःच्या गल्ल्यातून एक रुपयाही घालायचा नाही, हेही लिहिले गेले. ज्याने पदरचे घातले त्याला मागताना संकोच होतो, आणि न मागितलेले पैसे मनात व्याजासह वाढत जातात.

भाडेकरूचे खाते

तिसऱ्या वर्षी भाच्याने फ्लॅट भाड्याने देण्याचे ठरविले. भाडे दरमहा १२ हजार आणि परत करावयाची अनामत ३० हजार. येथे तोंडी व्यवहाराला कायदाच आडवा येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. तो नोंदविलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. खर्च मात्र फार नाही. अकरा महिन्यांच्या भाड्यावर आणि अनामतीवरील दहा टक्के मानीव व्याजावर पाव टक्का मुद्रांक शुल्क. म्हणजे या उदाहरणात साडेतीनशे रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये.

परदेशातील मालकाला सहीसाठी यावे लागू नये, म्हणून मामांना मुखत्यारपत्र दिले गेले. ते तेथील भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर करून पाठवावे लागते, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत अनेकांच्या ध्यानात राहत नाही. मुखत्यारपत्रात अधिकार मोजून लिहावेत: भाडेकरार करणे, बिलांविषयी कार्यालयांत अर्ज देणे, पोलिसांना माहिती देणे. विक्रीचा, गहाणाचा किंवा मालकाच्या वतीने रक्कम स्वीकारण्याचा अधिकार घराच्या देखभालीसाठी लागत नाही. तो लिहूच नये. यात सांभाळणाऱ्याचेही रक्षण आहे.

भाडेकरू ठरविताना ओळखपत्र, नोकरीचा वा व्यवसायाचा पुरावा आणि मागच्या घरमालकाशी एक संभाषण, या तीन गोष्टींपैकी तिसरी सर्वांत उपयोगी पडते आणि तीच बहुधा राहून जाते. त्यानंतर भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्यात द्यावी. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही ती देता येते. इमारत ही नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर भाड्याने दिलेल्या सदनिकेवर बिगर-भोगवटा शुल्क लागते. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. नुसते कुलूपबंद घर भाड्याने दिलेले नसल्याने त्यावर ते लागत नाही.

भाडे कोणाच्या खात्यात यावे, हा यातील सर्वांत नाजूक प्रश्न. मालक अनिवासी असेल तर भाडे देणाऱ्यानेच त्यातून आयकर कापायचा असतो. सर्वसाधारण स्थितीत तो तीस टक्के आणि त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के होतो. बारा हजारांवर ३,७४४ रुपये कापून ८,२५६ रुपये मालकाच्या एनआरओ खात्यात जमा व्हावेत. त्यासाठी भाडेकरूला टॅन क्रमांक घ्यावा लागतो आणि दर तिमाहीला विवरण भरावे लागते. मालकाचे भारतातील एकूण उत्पन्न अल्प असेल, तर तो विवरणपत्र भरून परतावा घेऊ शकतो, किंवा आयकर विभागाकडून कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र आधीच मिळवू शकतो. ही खटपट टाळण्यासाठी भाडे मामांच्या खात्यात घेण्याची पळवाट गावोगाव वापरली जाते. तीत कर तर चुकतोच. शिवाय वर्षाला १ लाख ४४ हजार रुपये मामांच्या खात्यात जमा दिसतात आणि ते त्यांचे उत्पन्न नव्हे, हे सिद्ध करण्याचे ओझे त्यांच्यावर येते. भाडे मालकाच्याच खात्यात यावे. मामांनी केवळ ते आल्याची नोंद करावी.

भाडेकरू राहू लागल्यावर फेरी बंद होत नाही, तिचे रूप बदलते. आता ते घर दुसऱ्याच्या संसाराचे आहे. तीन महिन्यांतून एकदा, निदान एक दिवस आधी कळवून, त्याच्या सोयीच्या वेळी जावे. पाहायचे ते भिंती, नळ, खिडक्या आणि करारात लिहिलेलीच माणसे राहत आहेत का एवढे. कपाटे व सामान नव्हे, आणि त्यांची छायाचित्रेही नव्हेत. दरमहा वीजबिलावरील थकबाकीचा रकाना पाहावा. सलग दोन महिने तेथे आकडा दिसला, तर पुढच्या महिन्यात भाडेही अडण्याचा संभव असतो. करार संपण्याच्या पंचेचाळीस दिवस आधी नूतनीकरणाचा प्रश्न निकाली काढावा. घर सोडताना मीटरचा आकडा, अखेरचे बिल आणि सर्व किल्ल्या हाती आल्याखेरीज अनामत परत करू नये. आणि त्या आल्यावर ती एक दिवसही अडवू नये.

मोबदल्याचे खाते

या कामाचे दर गावोगाव तोंडी फिरत असतात. कोणी पाचशे सांगतो, कोणी भाड्याचा दहावा हिस्सा. रास्त आकडा काढण्याचा मार्ग व्यापाऱ्याला परिचितच आहे: आधी लागणारा वेळ मोजावा, मग त्याची किंमत करावी. मामांनी आपल्याच दुकानातील अनुभवी मुनिमाच्या पगारावरून तासाला १२० रुपये धरले. बंद फ्लॅटच्या दोन फेऱ्यांना घरातून निघून परत येईपर्यंत तीन तास, बिले व हिशोबाला एक तास: चार तासांचे ४८० रुपये. अवेळी फोन आला तर धावण्याची जबाबदारी घेतल्याबद्दल दोन तासांचे २४०. झाडलोट करणाऱ्या बाईंचे दोन वेळांचे ५००. पेट्रोल व झेरॉक्सचे १००, साबण-फिनेलचे ८०. एकूण १,४०० रुपये दरमहा. यातील आकडे प्रत्येकाने आपल्या गल्लीच्या दराने बदलावेत. पद्धत तीच राहते.

भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा हिशोब याच रीतीने केला की एक अनपेक्षित गोष्ट ध्यानात येते. भाडे व बिलांच्या नोंदीला एक तास, तिमाही फेरीचा महिन्याचा वाटा अर्धा तास, भाडेकरूचे फोन व कारागिरांची व्यवस्था दीड तास, जबाबदारीचा एक तास: पुन्हा चारच तास, ४८० रुपये. झाडलोट नाही, जाण्यायेण्याचे ७० मिळवून ५५०. म्हणजे रिकामे घर सांभाळणे हे भरलेल्या घराहून अडीच पट महाग आहे. भाड्याच्या टक्केवारीने मोबदला दिल्यास नेमके उलटे होते: घर भरलेले असताना जास्त पैसे आणि रिकामे असताना, काम सर्वाधिक असूनही, काहीच नाही. मग सांभाळणारा चांगला भाडेकरू शोधण्याऐवजी पहिला भेटेल तो भाडेकरू बसवितो. म्हणून मासिक आकार ठरावीक असावा आणि नवा भाडेकरू शोधणे, चौकशी व नोंदणी यांचा मोबदला वेगळा द्यावा. येथे वीस तास धरून तो २,४०० रुपये ठरला.

याच भाच्याला सासुरवाडीकडून धुळ्याच्या देवपूरमध्ये आणखी एक फ्लॅट मिळाला. तोही मामांनीच पाहावा, असे घरात सुचविले गेले. जळगावहून धुळे, एरंडोल-पारोळामार्गे, सुमारे नव्वद किलोमीटर. जाऊन, काम करून परत येण्यास सात तास. महिन्याच्या दोन फेऱ्यांचे चौदा तास, म्हणजे १,६८० रुपये आणि वर बसभाडे. जळगावच्या सगळ्या आकाराहून हे अधिक, शिवाय रात्री नळ फुटला तर नव्वद किलोमीटरवरून कोणी धावणार नाही. तेव्हा देवपुरातच राहणाऱ्या एका निवृत्त परिचितांकडे ते काम सोपविले गेले, त्याच १,४०० च्या हिशोबाने. मामांकडे महिन्यातून एकदा त्यांची वही व छायाचित्रे पाहण्याचे काम राहिले, एका तासाच्या १२० रुपयांत. काम करणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही पेढीची जुनी शिस्त घरालाही उपयोगी पडली.

नात्यात पैसे कसे घ्यायचे, हा संकोच मामींना होता. पण फुकट काम कोठे ना कोठे वसूल होत असते. प्लंबरच्या बिलात दोनशे रुपये अधिक चढतात, लग्नाचे पाहुणे आठ दिवस त्या फ्लॅटमध्ये उतरविले जातात, गोदामातला माल ‘तात्पुरता’ तेथे ठेवला जातो. यांतील प्रत्येक गोष्ट मालकाला विचारून केली तर गैर नाही; न विचारता केली की तो उघडपणे न मागितलेला मोबदलाच असतो. ठरलेली रक्कम बँकेतून येऊ लागली की या वाटा आपोआप बंद होतात, आणि मालकालाही चूक दाखविताना उपकारकर्त्याला दुखविल्याचे ओझे वाटत नाही.

शेवटचा कागद

अखेरीस हे सारे दोन पानांच्या पत्रात उतरले आणि दोघांनी सह्या केल्या. त्यात एक वाक्य आवर्जून घातले: किल्ली व ताबा हे मालकाच्या वतीने देखभालीसाठी आहेत, त्यातून कोणताही हक्क निर्माण होत नाही. हे वाक्य अविश्वासाचे नाही. गोव्यातील एका घराच्या वादात, जेथे बहिणीच्या घरात भाऊ राहत होता, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये स्पष्ट केले की राखणदार, देखरेख करणारा किंवा नोकर कितीही वर्षे ताब्यात असला, तरी त्याला त्या मालमत्तेत हक्क मिळत नाही. परंतु तो निकाल मिळविण्यासाठी त्या भावंडांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. सोपवणुकीच्या दिवशीच लिहिलेले एक वाक्य ही वाट वाचवू शकते.

पत्रात सोडचिठ्ठीचीही सोय ठेवली: कोणीही एक महिन्याची सूचना देऊन काम थांबवावे, किल्ल्या, वही आणि शिल्लक उचल मोजून परत द्यावी, आणि त्यामुळे नात्यात काही बिघडले असे कोणी मानू नये. दर वर्षी मार्चअखेर हिशोब पूर्ण करून मोबदल्याचा आकडा नव्याने मांडायचा, असेही ठरले. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना भाच्याने ठरलेली भरपाई दिली. ती वहीच्या पहिल्या पानावर, नावे बाजूस, पहिल्याच ओळीत लिहिलेली आहे. त्याखाली मामांच्या अक्षरात पहिल्या फेरीची नोंद आहे: मुख्य व्हॉल्व्ह बंद, सहाही नळ हाताने तपासले.